पाहुण्यांच्या फोनमधली लग्नाची फिल्म : आमची वाटचाल

आम्ही सुरुवात केली ती लग्नाच्या शूटिंगपासून. पुढे काही जोडपी वेगळीच मागणी घेऊन येऊ लागली : व्हिडिओवाला सांगितला नव्हता, पण पाहुण्यांनी फोनवर भरपूर काढलंय, त्यातून चार-पाच मिनिटांची हायलाइट फिल्म होईल का? आज आमचं बहुतेक काम हेच आहे, आणि ते मला शूटिंगपेक्षा जास्त आवडतं.

पहिला आग्रह मूळ फाइलचा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखी पाठवलेली क्लिप दाबून लहान होते आणि तिच्यातली चित्रीकरणाची वेळही जाते. म्हणून आम्ही ड्राइव्हच्या फोल्डरची लिंक देतो. ते न जमणाऱ्यांना क्लिप ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगतो. वेळ हाताशी असली की शेकडो क्लिप आपोआप दिवसाच्या क्रमाने लागतात. मात्र काही फोन रेकॉर्डिंग संपल्याची वेळ नोंदवतात, सुरू झाल्याची नाही. त्यामुळे वेळेवरून क्रम लावावा, सिंक करू नये, म्हणजे एकाच क्षणाच्या क्लिप एकमेकींशी तंतोतंत जुळवू नयेत. सिंक आवाजावरूनच होतं.

तेही सगळ्या क्लिपचं करायची गरज नसते. एकाच आवाजाला अनेक फोन लागलेले असतात, तेवढेच प्रसंग आम्ही बाजूला काढतो. एका कामात असा प्रसंग वधूच्या आजीच्या मनोगताचा होता आणि चार जणांनी तो टिपला होता. पुढच्या रांगेतल्या फोनने सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता रेकॉर्ड केलं होतं, म्हणून त्याचा आवाज आम्ही कणा धरला. बाकीच्या क्लिप एडिटिंग सॉफ्टवेअरने वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचे आलेख, जुळवून त्यावर बसवल्या. एक मात्र बसेना, कारण त्या फोनशेजारी सतत टाळ्या वाजत होत्या आणि आजीचा आवाज त्यात बुडाला होता. आजींचा हात माइकला लागून ‘धप्प’ झालं होतं. तो टोकदार उंचवटा दोन्हीकडे शोधून आम्ही ती क्लिप हाताने लावली. मोठ्या आवाजातल्या गाण्यांवर तर जास्तच जपावं लागतं. तोच ठेका पुन्हा पुन्हा येत असल्याने सॉफ्टवेअर क्लिप चुकीच्या कडव्यावर बसवू शकतं, आणि ऐकताना ते कळतही नाही. नाचणाऱ्यांचे हात आणि क्लिपची वेळ, दोन्ही पडताळायचं.

आजींच्या दुसऱ्या एका क्लिपमध्ये सुरुवातीला ओठ बरोबर जुळत होते, पण सहा मिनिटांनंतर शब्द आधी आणि ओठ मागे असं दिसू लागलं. सरकवून असा फरक जात नाही, सुरुवात बिघडते. फोन अंधारात सेकंदाच्या फ्रेम कमी करतो, उजेडात वाढवतो, आणि काही सॉफ्टवेअर त्या समान धरून चालतात. फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या MediaInfo मध्ये अशी फाइल उघडली की `Frame rate mode: Variable` असं दिसतं. अशी क्लिप सिंकच्या आधीच ffmpeg या प्रोग्रामच्या कमांडने एकसारख्या गतीत बदलून घ्यायची, मूळ फाइल तशीच ठेवून :

```
ffmpeg -i clip.mov -vf fps=30 -c:v libx264 -crf 16 -c:a pcm_s16le -ar 48000 out.mov
```

चौथी क्लिप हॉलच्या टोकाची. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे 34 मीटरवरच्या फोनपर्यंत तो दशांश सेकंद उशिरा पोचतो. आवाज जुळवला की त्या क्लिपचं चित्र तेवढंच लवकर येतं, 25 फ्रेमच्या टाइमलाइनवर दोन-तीन फ्रेम. व्यासपीठावरच्या टाळीत ते डोळ्याला टोचतं. आम्ही ती क्लिप तेवढी उशिरा सुरू होईल अशी सरकवली, तिचा आवाज बंद केला आणि पुढच्या फोनचाच ठेवला.

क्षण निवडताना आधी चित्र बघतच नाही. संपूर्ण मनोगत डोळे मिटून ऐकायचं आणि ज्या वाक्यांना आवाज हलतो किंवा हशा पिकतो ती टिपायची. आजींच्या बोलण्यातली तीन वाक्यं आम्ही ठेवली आणि फिल्मचा मधला भाग त्यांवर उभा केला. चित्रासाठी मग चारही कोन उघडायचे. बोलणारी व्यक्ती सगळ्यांनीच काढलेली असते. ऐकणाऱ्यांचे चेहरे एखाद्याच्याच फोनमध्ये असतात, आणि आमच्या मते तेच खरं धन. शिवाय क्लिपचं शेपूट कधी कापून टाकू नये. बोलणं संपल्यावर फोन खाली घेताघेता पाहुण्यांकडून जे टिपलं जातं त्यात कोणी सावध नसतं. टाळ्यांच्या क्लिपच्या शेवटच्या दोन सेकंदांत वधूचे वडील चष्मा काढून डोळे पुसताना दिसले. तिरकी, हललेली फ्रेम होती, तरी तिसऱ्या वाक्यावर आम्ही तीच वापरली.

उभ्या क्लिपच्या दोन्ही बाजूंना धूसर पट्ट्या भरणं मला पटत नाही. दोन उभ्या क्लिप शेजारी ठेवल्या की आजी आणि ऐकणारी नात एकाच वेळी दिसतात, आणि सिंक पक्कं असेल तरच हे जमतं. फिल्मसोबत आम्ही ते पूर्ण मनोगत, चारही कोन जुळवून, वेगळ्या फाइलमध्ये देतो. बहुतेक घरं हायलाइटनंतर तेच मागतात.