नकाशा पोहून जाते का?

टेबल माझ्याकडे आलं ते तयार होऊनच. नागपुरातल्या काही वस्त्यांमधली घरं, प्रत्येक घरासमोर मोबाईलवर घेतलेला जीपीएस पॉइंट आणि पुढच्या रकान्यात जवळच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंतचं रस्त्याने अंतर. एक किलोमीटरच्या आत असेल तर घर हिरवं, बाहेर असेल तर लाल. मी फक्त नजर फिरवून पुढे पाठवायचं, एवढंच ठरलं होतं.

अंतराचं टेबल तपासताना मी सरासरी बघत नाही, शेजारी बघतो. एकमेकांपासून पंधरा मीटरच्या आत असलेल्या घरांच्या जोड्या काढायच्या आणि दोघांच्या अंतरात तीनशे मीटरहून जास्त फरक असेल त्या वेगळ्या करायच्या. भिंतीला भिंत लागून असलेली दोन घरं दवाखान्यापासून इतकी वेगळी असायला मध्ये काहीतरी आडवं असावं लागतं. त्या दिवशी अशा जोड्या बऱ्याच निघाल्या, आणि नकाशावर टाकल्या तर विखुरलेल्या नव्हत्या. नाग नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठाने त्यांची रांगच लागली होती.

त्यातली एक जोडी उघडली. पहिल्या घराचं अंतर 409 मीटर, म्हणजे हिरवं. शेजारचं 1,236 मीटर, लाल. मधली भिंत एकच.

अंतर कसं काढलं होतं ते सांगतो. घराचा पॉइंट रस्त्याच्या रेषेवर नसतो, तो छपरावर किंवा दारात असतो. म्हणून प्रत्येक पॉइंटसाठी सर्वात जवळची रस्त्याची रेषा शोधायची, तिच्यावरचा सर्वात जवळचा बिंदू घ्यायचा आणि घरापासून तिथपर्यंत सरळ रेघ ओढायची. आमच्यात तिला कनेक्टर म्हणतात. कनेक्टर रेषेच्या टोकालाच लागतो असं नाही, मध्येही लागतो. समजा रेषा 240 मीटरची आहे आणि कनेक्टर तिच्यावर 0.37 ला लागला, तर एका टोकाला जायला 88.8 मीटर आणि दुसऱ्याला 151.2. एकूण अंतर म्हणजे कनेक्टर, अधिक त्या रेषेचा उरलेला तुकडा, अधिक पुढचं जाळं. इथे एक गोष्ट अनेकांच्या हातून निसटते: जाळ्यावरची वाट काढणाऱ्या `pgr_withPoints` या फंक्शनला आपण रेषेचा क्रमांक आणि हा 0.37 देतो, पण कनेक्टरची लांबी त्याला माहीतच नसते. ती शेवटी आपण मिळवायची. या टेबलात ती मिळवलेली होती. बेरीज बरोबर होती, रस्ता चुकीचा होता.

पहिल्या घरापासून स्वतःच्या काठावरचा रस्ता 26 मीटर होता आणि नाल्यापलीकडचा 21. शेजारच्याला स्वतःचा 22, पलीकडचा 25. पाच मीटरच्या फरकाने पहिलं घर पलीकडच्या रस्त्याला चिकटलं आणि तिथून दवाखाना 388 मीटर. 21 अधिक 388, झाले 409. त्या 21 मीटरमधले बारा मीटर नाल्याचे होते, आणि तिथे पूल नाही. गल्लीत मोबाईलचा जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे सहज सरकतो. म्हणजे कुठलं घर हिरवं आणि कुठलं लाल, हे फोन कुठे धरला होता त्यावर ठरत होतं.

पडद्यावर इतकं दिसल्यावर खात्री करायला तिथे जाणं आलंच. मे महिन्यातलं नागपूर, म्हणून सकाळी लवकर निघालो. तिथल्या आशाताईंनी वस्ती दाखवायचं कबूल केलं होतं. मी त्यांना फोनवर कनेक्टर दाखवला: घरातून निघालेली लाल रेघ, नाल्यावरून सरळ पलीकडे. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं, मग नाल्याकडे पाहिलं.

"काहून जी, तुमचा नकाशा पोहून जाते का?"

थोडं पुढे नाल्यावरून पाण्याचा एक जाड पाइप गेलेला आहे. दोन पोरं त्याच्यावरून हात पसरून पलीकडे जाताना मी पाहिली. मी विचारलं, लोक इथून जातात, तर हा रस्ता धरायचा का? आशाताई म्हणाल्या, "पोट्टे जाते त्याच्यावरून. पावसाळ्यात शेवाळ चढते. सातव्या महिन्याच्या बाईले मी तिथून नेऊ का, भाऊ?" विषय तिथेच मिटला. अंतर कोणासाठी मोजतोय हे ठरवल्याशिवाय वाट कुठली धरायची ते ठरत नाही. शाळेसाठी मोजत असतो तरी मी तो पाइप धरला नसता, पण निदान तिथे वाद घालता आला असता.

ऑफिसला परत आल्यावर पहिला उपाय सोपा वाटला: ज्या रस्त्याचा कनेक्टर नाला ओलांडतो तो रस्ता उमेदवारीतूनच काढायचा. सोपा वाटला, कारण नकाशात नाला एक रेघ होती, मधोमध ओढलेली. पण मधली रेघ धरली तर पुलाजवळची घरं फसवतात. पुलाची रेषा नाल्यावरून जाते, आणि काठावरच्या घरापासून पुलाच्या अलीकडच्या अर्ध्या भागापर्यंतचा कनेक्टर मधली रेघ ओलांडतच नाही. म्हणजे नाल्याच्या पात्रातून वर हवेत चढून पुलावर पोचायचं. म्हणून नाल्याचे दोन्ही काठ उपग्रहचित्रावरून काढून त्याचा पॉलिगॉन केला, आणि ज्या तुकड्यांवर `bridge=yes` आहे ते स्नॅप करण्यासाठी बंद केले. चालण्यासाठी उघडे, चिकटण्यासाठी बंद. रस्त्याच्या लांब रेषाही पुलाच्या दोन्ही टोकांना तोडल्या, नाहीतर अख्खा रस्ताच पूल ठरतो.

याच नियमात आणखी एक जुनं दुखणं बसलं. वर्धा रोडवर 3.14 किलोमीटरचा डबल डेकर पूल आहे, खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो. नकाशात उड्डाणपुलाची आणि खालच्या रस्त्याची रेषा जवळजवळ एकावर एक असतात. पॉइंट दोन मीटर सरकला की घर उड्डाणपुलाला चिकटतं आणि मग पुलाच्या टोकापर्यंत खाली उतरायची सोयच नाही. पूल बंद केले तेव्हा हेही सुटलं.

क्वेरी शेवटी अशी झाली:

```sql
SELECT h.id, c.gid, c.d
FROM ghar h
LEFT JOIN LATERAL (
  SELECT r.gid, ST_Distance(h.geom, r.geom) AS d
  FROM rasta r
  WHERE NOT r.bridge
    AND NOT EXISTS (
      SELECT 1 FROM nala n
      WHERE ST_Intersects(n.geom,
            ST_ShortestLine(h.geom, r.geom)))
  ORDER BY h.geom <-> r.geom
  LIMIT 3
) c ON true;
```

सगळे लेयर आधी मीटरमध्ये मोजणाऱ्या `EPSG:32644` या निर्देशांक प्रणालीत आणले होते. अक्षांश-रेखांशात ठेवून 'जवळचा' शोधला तर तो तिरपा निघतो, कारण नागपुरात रेखांशाचा एक अंश साधारण 104 किलोमीटरचा आणि अक्षांशाचा 111 चा.

`LEFT` या शब्दाकडे जरा बघा. तो नसेल तर ज्या घराला एकही रस्ता मिळत नाही ते घर निकालातून गुपचूप गळून पडतं, कुठलीही एरर न येता. आणि अशी घरं होती. जीपीएस सरकल्यामुळे काठावरचे काही पॉइंट थेट नाल्याच्या पॉलिगॉनमध्ये पडले होते. तिथून निघणारी प्रत्येक रेघ नाल्याला छेदणारच, मग सगळे रस्ते बाद. `LEFT` मुळे ती घरं रिकाम्या रकान्यासह समोर आली आणि आम्ही त्यांचे पॉइंट हाताने त्यांच्या छपरावर सरकवले.

एकाऐवजी तीन उमेदवार का? कारण सर्वात जवळचा रस्ता दवाखान्याकडे पाठ करून जाणारा असू शकतो. तीन मीटर लांबचा दुसरा रस्ता एकूण अंतर बरंच कमी करतो. म्हणून तिघांची एकूण अंतरं काढून त्यातलं कमीत कमी घेतलं. मात्र क्रम उलटा करायचा नाही. आडकाठी आधी तपासायची, कमीत कमी नंतर. नाहीतर कमीत कमीच्या नादात क्वेरी बरोबर नाल्यापलीकडचा रस्ता शोधून काढते, आणि आधी नशिबाने वाचलेली घरंही हिरवी होतात.

नवीन निकालात जोडीचा फरक मिटला: पहिलं घर 26 अधिक 1,211, म्हणजे 1,237 मीटर, शेजारचं 1,236. दोघंही लाल.

आणि लगेच दुसरी गोष्ट वर आली. आता वस्तीच्या पोटातल्या घरांचे कनेक्टर लांबलचक दिसू लागले. शंभर मीटरची सरळ रेघ, चार-पाच घरांच्या भिंतींमधून आरपार. आतल्या गल्ल्या नकाशात कुणी काढलेल्याच नव्हत्या. आधी पलीकडच्या रस्त्याने हे झाकून ठेवलं होतं.

पुन्हा वस्तीत गेलो, या वेळी मेजरिंग व्हील घेऊन. फोनचा ट्रॅक गल्लीत नागमोडी जातो आणि लांबी फुगवतो, त्यामुळे तो वापरला नाही. पहिल्या घराच्या दारापासून रस्त्यापर्यंत चाक 61 मीटर म्हणालं, सरळ रेघेत 26 होते. पण गल्ली जिथे रस्त्याला लागते ती जागा दवाखान्याच्या बाजूला तीस मीटर पुढे आहे, त्यामुळे एकूण 61 अधिक 1,181, म्हणजे 1,242. एवढा खटाटोप करून पाच मीटरचा फरक! माझा सहकारी तिथेच म्हणाला, "मग कशाला गल्ल्या काढत बसायचं?"

त्याचं म्हणणं त्या घरापुरतं खरं होतं. मग आम्ही वस्तीच्या मधल्या एका घरापाशी गेलो. तिथे सरळ कनेक्टर 118 मीटर होता, चाकाने 204 निघाले. गल्लीचं तोंड दवाखान्याच्या उलट बाजूला उघडतं, म्हणून रस्त्यावरचेही 40 मीटर वाढले. आधी त्या घराचं एकूण 952 होतं. 86 आणि 40 मिळवले की 1,078. हिरव्याचं लाल झालं, आणि यात नाल्याचा काही संबंध नव्हता.

त्यामुळे सगळ्या गल्ल्या काढायच्या नाहीत असं ठरवलं. जिथे कनेक्टर पन्नास मीटरहून लांब आहे, किंवा एकूण अंतर एक किलोमीटरच्या आगेमागे दीडशे मीटरमध्ये आहे, तेवढ्याच भागात चाक फिरवायचं. दोनशे मीटरवरच्या घराच्या दाराची गल्ली मोजून रंग बदलणार नाही. पन्नास हा आकडा काही शास्त्रातला नाही, या वस्त्यांमध्ये घरं किती दाट आहेत ते पाहून धरला. मोकळ्या लेआउटमध्ये तो चालणार नाही.

टेबल पुढे पाठवताना एकूण अंतराच्या एका रकान्याऐवजी तीन ठेवले: कनेक्टर, जाळ्यावरचं अंतर आणि बेरीज. सोबत कनेक्टर सरळ ओढलेला आहे की गल्लीने मोजलेला, याची खूण. ज्यांना पाठवलं त्यांचा फोन आला, आम्हाला एकच आकडा हवाय, बाकीचे काढून द्या. बेरीज वेगळ्या फाईलमध्ये दिली. तिन्ही रकान्यांची फाईलही तिच्यासोबतच पाठवली.