बापलेकाचा उसनवारीचा कागद, आणि माफी कुठे लिहायची

तुम्ही विचारलंत म्हणून: «बाबा गावी असतात, मी नागपूरला नोकरीला. फ्लॅटसाठी त्यांनी आठ लाख उसने दिले. बापलेकात कसला कागद करायचा? अन् उद्या ते म्हणाले, राहू दे, नको देऊ, तर ते लिहायचं कसं?»

कागद करायचा, आणि तो मुख्यतः बहिणीसाठी करायचा. बापाचा लेकावर विश्वास असतोच, त्यासाठी कागद लागत नाही. वडिलांच्या मागे आई, बहीण आणि भाऊ हिशेबाला बसतात तेव्हा मात्र आठ लाख दिले होते की उसने होते, हे सांगणारा कोणी उरत नाही. वडिलांचं येणं ही त्यांची मालमत्ताच आहे. हिंदू वारसा कायद्यानं त्यात पत्नी, मुलगे, मुली सगळे वाटेकरी असतात. म्हणून मी नेहमी सांगतो की कागद असा लिहा, जो वर्ध्याला दिलेल्या बहिणीनं वाचला तरी तिला काही विचारावं लागणार नाही.

पहिली गोष्ट, पैसे कुठले हे लिहा. वडील जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक असतील आणि ग्रॅच्युइटीतून रक्कम दिली असेल, तर ते पैसे त्यांचे स्वतःचे. उसने द्यायचे की माफ करायचे, हा त्यांचा एकट्याचा अधिकार. पण वडिलोपार्जित वावर विकून आलेली रक्कम असेल तर तसं नाही. 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीलाही मुलासारखाच जन्मतः हिस्सा आहे. त्या पैशातला दुसऱ्याचा वाटा वडील एकट्यानं माफ करू शकत नाहीत. माफीचं भांडण बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं, आणि कागदात या एका ओळीची जागा कोरी राहिलेली असते.

दुसरी गोष्ट रोखीची. आपल्याकडे कापूस, तूर, सोयाबीनचे पैसे हातात येतात आणि पिशवीतूनच शहरात जातात. कर्ज 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर ते रोखीनं घेता येत नाही. जुन्या 1961 च्या आयकर कायद्यात हे कलम 269एसएस होतं. दंड जेवढी रक्कम तेवढाच, आणि तो घेणाऱ्यावर, म्हणजे मुलावर. «आम्ही शेतकरी, आम्हाला सूट आहे» असं लोक म्हणतात. सूट आहे, पण देणारा आणि घेणारा दोघांचंही उत्पन्न शेतीचं असेल आणि दोघांपैकी कोणाचंच करपात्र उत्पन्न नसेल तेव्हाच. मुलगा पगारदार आणि करदाता असेल तर ही सूट गेली. माल विकलेली रक्कम आधी वडिलांच्या खात्यात भरा आणि तिथून मुलाच्या खात्यात पाठवा.

परतफेडीचंही तसंच आहे, आणि इथे लोक जास्त फसतात. दिवाळीला गावी आलात आणि 10,000 चा हप्ता वडिलांच्या हातावर ठेवला, तरी नियम मोडतो, कारण मोजायचं असतं ते एकूण कर्ज, एकटा हप्ता नव्हे. हप्ता खात्यातूनच द्या. हातात द्यायचे असतील तर ते सणाचे पैसे म्हणून द्या, हप्ता म्हणून नको.

आता मुदत. «वडील मागतील तेव्हा परत करीन» ही ओळ प्रेमाची वाटते, पण कायद्यात ती सगळ्यात कच्ची आहे. मागताक्षणी द्यायच्या कर्जाची तीन वर्षांची मुदत मागितल्या दिवसापासून चालत नाही, पैसे दिल्या दिवसापासून चालते. तीन वर्षं कोणी काही बोललं नाही की दाव्याचा हक्क जातो. तारखेचे हप्ते लिहिले तर प्रत्येक हप्त्याची मुदत त्याच्या त्याच्या तारखेपासून मोजली जाते. शिवाय दर वर्षी 31 मार्चला मुलानं एका कागदावर «आज रोजी बाकी इतकी» असं लिहून सही करावी. मुदत संपण्याआधीच्या अशा सहीच्या कबुलीनं मुदत नव्यानं सुरू होते. नुसत्या बँकेच्या नोंदीवर विसंबू नका, मुलाची सही असलेला कागद हवा.

एक हिशेब धरून चालू. फ्लॅट 42 लाखांचा. घरकर्ज 30 ते 75 लाखांचं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेनं बँक किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देते, म्हणून उरलेल्यातले 8 लाख वडिलांनी 12 जून 2023 ला दिले. व्याज नाही. हप्ता दरमहा 10,000, पहिला 5 जुलै 2023 ला. म्हणजे 80 हप्ते, शेवटचा फेब्रुवारी 2030 मध्ये. कागदात दोघांची नावं, रक्कम, खात्यातून गेलेल्या व्यवहाराचा क्रमांक, हप्त्यांचा तक्ता, व्याज नाही ही ओळ, या पैशांमुळे फ्लॅटच्या मालकीत वडिलांचा हिस्सा येत नाही ही ओळ, आणि «कोणतीही सूट किंवा माफी फक्त वडिलांच्या सहीच्या लेखानंच धरली जाईल» ही ओळ. शेवटची ओळ सगळ्यात कामाची. ती असली की दोन हप्ते चुकले आणि वडील गप्प राहिले, म्हणून ते माफ झाले असं मुलालाही म्हणता येत नाही आणि इतरांनाही.

मुद्रांकाबद्दल एवढंच, की 500 चा स्टँप घेतला म्हणजे झालं असं धरू नका. साक्षीदारांच्या सहीनं पैसे द्यायचं बंधन लिहिलेला कागद मुद्रांक कायद्यात बंधपत्र ठरू शकतो, आणि त्याचं शुल्क रकमेवर असतं. नोटरीचा शिक्का म्हणजे मुद्रांक नव्हे. शंका असेल तर मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयातून शुल्क ठरवून घ्या. कमी मुद्रांकाचा कागद कोर्टात शुल्क आणि दंड भरल्याशिवाय पुराव्यात घेत नाहीत.

बँकेचीही एक अडचण असते. घरकर्ज देताना बँक कधी कधी वडिलांकडून लिहून मागते की ही रक्कम बक्षीस आहे, परत घ्यायची नाही. ते सही करून दिलं आणि घरी उसनवारीचा कागद ठेवला, तर दोन कागद एकमेकांना खोटं पाडतात. बहिणीचा वकील एक काढेल, मुलाचा वकील दुसरा. उसने असतील तर बँकेला उसनेच सांगा. बँक तो हप्ता तुमच्या फेडीच्या ताकदीत धरेल आणि कर्ज थोडं कमी मंजूर करेल. ते सोसायचं. आणि सुरुवातीपासूनच परत घ्यायचे नसतील तर सरळ बक्षीस लिहा. वडिलांकडून मुलाला आलेल्या बक्षिसावर मुलाला आयकर नाही, मग उसनवारीचा देखावा कशाला?

आता माफी. करार कायद्याच्या कलम 63 नुसार येणं असणारा माणूस ते पूर्ण किंवा काही भाग सोडून देऊ शकतो, त्यासाठी मोबदला लागत नाही. तोंडी सोडलं तरी कायद्यात चालतं, पण सिद्ध करायचं कोणी? म्हणून माफीचा लेख वेगळा करा आणि त्याची नोंद मूळ कागदाच्या पाठीवरही घ्या.

वरच्या हिशेबात ऑगस्ट 2025 पर्यंत 26 हप्ते गेले, म्हणजे 2,60,000 फिटले आणि बाकी 5,40,000 राहिली. 20 ऑगस्ट 2025 ला वडिलांनी दोन लाख सोडायचं ठरवलं. नोंद अशी हवी:

«दिनांक 12 जून 2023 च्या उसनवार करारापोटी आज रोजी माझी येणे बाकी 5,40,000 रुपये आहे. त्यापैकी 2,00,000 रुपये मी स्वखुशीनं, कोणाच्या दबावाविना, कायमचे सोडून दिले आहेत. सोडलेली रक्कम हप्ता क्रमांक 61 ते 80 ची आहे. आता बाकी 3,40,000 रुपये असून ती पूर्वीप्रमाणेच दरमहा 10,000 नं जून 2028 पर्यंत द्यावयाची आहे. ही रक्कम मी रोख घेतलेली नाही.»

खाली वडिलांची सही, मुलाची «मान्य» म्हणून सही, दोन साक्षीदार. साक्षीदार म्हणून दुकानावरचा अनोळखी माणूस नको. शक्य असेल तर बहिणीनं «वाचलं» म्हणून सही करावी. तिची संमती कायद्यानं लागते म्हणून नव्हे, पुढे तिला हे कळलं नव्हतं असं होऊ नये म्हणून.

यातली हप्त्यांच्या क्रमांकाची ओळ लोक गाळतात. «दोन लाख माफ» एवढंच लिहिलं, तर पुढचे 20 महिने हप्ता नाही, की हप्ता कमी झाला, की शेवटचे हप्ते गेले, हे कळत नाही. मुलगा सप्टेंबरपासून हप्ता थांबवतो, वडिलांना वाटतं तो चुकवतोय. आणि शेवटची «रोख घेतलेली नाही» ही ओळ यासाठी, की बाकी दोन लाखांनी कमी झालेली दिसली की पहिला प्रश्न येतो तो पैसे रोखीत गेले का हाच.

या लेखाला «हक्कसोडपत्र» किंवा «मुक्तिपत्र» असं नाव देऊ नका. त्या दस्ताचं मुद्रांक शुल्क वेगळं असतं, पण शुल्क नुसत्या नावावर नव्हे, मजकुरावर ठरतं. «अंशतः माफीची नोंद» पुरे, पण अर्जनवीसाकडून टाइप करून घेण्याआधी तोही वकिलाला दाखवा.

«माझ्या मरणानंतर जी बाकी असेल ती माफ» हे करारात लिहू नका. मरणानंतर लागू होणारी गोष्ट मृत्युपत्रात जाते, तिथे दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि करारातली अशी ओळ त्या निकषावर पडू शकते. वडिलांना तसं हवं असेल तर मृत्युपत्रात वेगळं कलम घालावं, मूळ कराराची तारीख लिहून. मुलीला तेवढ्याच रकमेचं काही द्यायचं असेल तर तेही त्याच कलमाखाली यावं.

शेवटचा हप्ता किंवा शेवटची माफी झाली की मूळ कागद फाडू नका. त्याच्या पाठीवर «संपूर्ण भरपाई झाली, काही येणं नाही» असं तारखेसह वडिलांच्या सहीनं लिहून घ्या आणि कागद मुलाकडे द्या. एक प्रत वडिलांच्या पेटीत, वावराच्या कागदांसोबत ठेवा. बहीण पहिल्यांदा तीच पेटी उघडते.