पिल्लू म्हणून आलेली वाघाटी

ऊसतोडीच्या हंगामात आमच्या रेस्क्यू गटाच्या फोनवर सगळ्यात जास्त येणारा मेसेज म्हणजे ‘बिबट्याचं पिल्लू सापडलंय’. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात ते खरंही असू शकतं, कारण इथे बिबट्याची मादी उसातच विते. म्हणून फोटो उघडताना माझ्या डोक्यात पिल्लाआधी त्याची आई असते. ती कुठे आहे, आणि जमलेली माणसं तिच्या वाटेत तर नाहीत ना?

त्या दुपारी जुन्नर तालुक्यातल्या एका शेतावरून तीन फोटो आले. खाली एवढंच लिहिलेलं, ‘बिबट्याचं पिल्लू. कोयता लागलाय. लवकर या.’ पहिला फोटो हललेला. दुसऱ्यात पाचटात पडलेलं ठिपक्याठिपक्यांचं अंग आणि चेहरा, पण इतक्या जवळून काढलेला की आकाराचा पत्ताच लागेना. तिसऱ्यात मागच्या मांडीवरची जखम. ऊन तिरपं, पाचट पिवळं. अशा उजेडात राखाडी जनावरसुद्धा सोनेरी दिसतं.

‘अजून फोटो काढा’ असं सांगायचं मी टाळतो. फोटोसाठी माणूस आणखी जवळ सरकतो, आणि जखमी जनावर एक तर चावतं, नाहीतर तशा पायाने उसात घुसतं. मग ते सापडत नाही. म्हणून लिहिलं, ‘ताई, सगळ्यांना मागे घ्या. लांबूनच बघा आणि दिसतं ते लिहा. शेपटी कशी आहे? कपाळावर काय आहे? शेजारच्या कोयत्याच्या मानाने केवढं आहे?’

मेसेज करणारी शेतमालकाची कॉलेजात जाणारी मुलगी होती. तिचं उत्तर आलं: ‘दादा, रंग राखाडी, ठिपके तांबूस, गंजल्यासारखे. कपाळावरून मानेकडे चार काळपट पट्टे. शेपटी साधी आहे, तिच्यावर ठिपके नाहीत. कोयत्याएवढंच असेल. आमच्या मांजरीपेक्षा लहान.’

फोटोंनी जे सांगितलं नव्हतं ते या चार ओळींत होतं. बिबट्याच्या पिल्लाची शेपटी ठिपक्यांची असते आणि पंजे अंगाच्या मानाने थोराड. रानमांजराच्या शेपटीला टोकाकडे काळी वळी असतात. तांबूस ठिपके, कपाळावर पट्टे आणि साधी शेपटी, म्हणजे वाघाटी, ठिपक्यांची छोटीशी जंगली मांजर. बिबट्याच्या मादीची भीती गेली.

पण मग ‘पिल्लू’ कशावरून? वाघाटीची पुरी वाढ झाली तरी वजन किलो-दीड किलोच्या आसपास. बघणाऱ्याला ती कायम पिल्लूच वाटणार. दुसरा फोटो मोठा करून डोळे पाहिले. कोवळ्या पिल्लाचे डोळे निळसर असतात, हे पिवळट-तपकिरी होते. तिसऱ्या फोटोत सगळ्यांचं लक्ष जखमेवर. पण जखमेच्या बाजूला पोटावर फुगलेली आचळं दिसत होती आणि त्यांच्याभोवतीचे केस झिजले होते. पिणारी पिल्लं असली की असं होतं.

मी लगेच फोन लावला. “ताई, तोड थांबवा. ही आई आहे, पिल्लं उरलेल्या उसात असणार.”

मुकादम वैतागला. ट्रॅक्टर उभा होता आणि टोळीला पैसे टनावर मिळतात. त्याचं काही खोटं नव्हतं. शेवटी पलीकडच्या बांधापासून तोड सुरू करायची आणि या कोपऱ्यातल्या सऱ्या उभ्या ठेवायच्या, यावर तो राजी झाला. तिच्यावर भाजीचा क्रेट हलक्या हाताने उपडा घालून वर गोणपाट टाकायला सांगितलं. अंधार झाला की मांजरवर्गातलं जनावर बरंचसं शांत होतं. दूध-पाणी काही पाजायचं नाही, हेही बजावलं. लोक मायेने तोंडात दूध ओततात, ते श्वासनलिकेत जातं आणि जखमेने न मेलेलं जनावर त्याने मरतं. दरम्यान वनरक्षकांना कळवलं. वाघाटी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वनखात्याला वगळून तिला उचलता येत नाही.

आम्ही पोचेपर्यंत गावाच्या ग्रुपवर ‘बिबट्या’ फिरला होता आणि काठ्या घेऊन पोरं आली होती. त्यांना पांगवण्यात उपचारापेक्षा जास्त दम गेला.

नशीब, हाड शाबूत होतं. कातडी आणि थोडा स्नायू कापला होता. डॉक्टरांनी भूल देऊन जखम धुतली आणि विरघळणारे टाके घातले, म्हणजे टाके काढायला तिला पुन्हा पकडायला नको. जखम जास्त असती तर तिला केंद्रात ठेवावं लागलं असतं, आणि कोंडलेली आई पिल्लांना जवळ घेईलच याची खात्री नसते. तोवर टोळीतल्या एका मावशींना उभ्या सरीत दोन पिल्लं दिसली होती. त्यांनी हात लावला नाही, फक्त जागेवर फडकं बांधून ठेवलं.

भूल पूर्ण उतरल्यावर, दिवस मावळता तिला तिथेच सोडलं आणि बांधावर कॅमेरा लावला. सकाळी चित्रं पाहिली. लंगडत का होईना, तिने एकेक पिल्लू मानेला धरून ओढ्याकडच्या घाणेरीत नेलं होतं. मी हे त्या मुलीला कळवलं. पाच मिनिटांत तिच्या फोनवरून मुकादमाचा मेसेज आला, ‘मग साहेब, त्या सऱ्या आता घेऊ का?’

घ्या म्हटलं.