तुम्ही विचारलंत म्हणून: ‘हजार रूट कॅनाल’ खोडल्यावर

‘मॅडम, मल्टिस्पेशालिटी क्लिनिकला रेझ्युमे पाठवायचाय. किती केसेस केल्या, कुठली मशिन्स वापरली, हे सगळं लिहायचं का?’

लिहायचं, पण त्यातून समोरच्याला एक गोष्ट कळली पाहिजे: तुमचा हात कुठपर्यंत चालतो आणि कुठे थांबतो. मुलुंडला आमच्या दातांच्या क्लिनिकमध्ये चार खुर्च्या आहेत. एंडोडॉन्टिस्ट मंगळवारी आणि शनिवारी येतात, ऑर्थोडॉन्टिस्ट गुरुवारी, ओरल सर्जन बोलावले की. बाकी सगळा वेळ पेशंट पाहतो तो बीडीएस डॉक्टरच. कुठली दाढ आपण करायची आणि कुठली मंगळवारसाठी ठेवायची, हे तोच ठरवतो. एकट्याच्या दवाखान्यात हा प्रश्न इतक्या वेळा येत नाही. इथे रोज येतो, म्हणून मी रेझ्युमेत त्याचंच उत्तर शोधते.

गेल्या वर्षी डोंबिवलीहून एका मुलीचा रेझ्युमे आला. बीडीएस बेळगावहून, नंतर डोंबिवलीच्या एका दवाखान्यात २६ महिने काम. त्यात दोन ओळी ठळक होत्या: ‘१०००+ रूट कॅनाल’ आणि ‘रोज २५ पेशंट’. मी तिला बोलावलं आणि दोघींनी बसून हिशेब केला. महिन्याचे २५ दिवस धरले तर २६ महिन्यांचे ६५० दिवस होतात. म्हणजे रोज दीड रूट कॅनाल, एकही दिवस न चुकता. तिची वेळ होती संध्याकाळी पाच ते नऊ. एका दाढेला दोन-तीन बैठका लागतात, मग त्या चार तासांत दुसरं काहीच झालं नसतं.

ती खोटं बोलत नव्हती. तिने दात मोजले नव्हते, बैठका मोजल्या होत्या. शिवाय मोठ्या डॉक्टरांच्या ज्या पेशंटचं तिने फक्त ड्रेसिंग बदललं होतं, तेही त्यात आले होते. २५ पेशंट हा आकडा तर अख्ख्या दवाखान्याचा होता.

मी तिला घरी पाठवलं आणि अपॉइंटमेंटची डायरी पुन्हा चाळायला सांगितली. सुरुवातीपासून ऑब्च्युरेशनपर्यंत जे दात तिने एकटीने केले तेवढेच धरायचे, आणि दाढा, उपदाढा आणि पुढचे दात वेगळे लिहायचे. कॅपचा आकडा स्मरणावर सोडायचा नाही, लॅबच्या स्लिपांवरून काढायचा. चार दिवसांनी ती नवा कागद घेऊन आली. फेब्रुवारी २०२३ ते मार्च २०२५ या काळात एकटीने पूर्ण केलेले दात १८८, त्यांपैकी दाढा ९६, उपदाढा ५२, पुढचे ४०. कॅप १२१. अक्कलदाढेच्या सर्जिकल केसेसमध्ये २२ वेळा मदत, स्वतः ६, सहाही सरळ उगवलेल्या. रोजचे स्वतःचे पेशंट सात-आठ, त्यांत नवीन दोन.

हजाराच्या जागी १८८ लिहिताना तिला फार वाईट वाटलं. मला मात्र त्या कागदावरून पहिल्यांदा माणूस दिसला. आठवड्याला दीड-दोन दात, निम्म्याहून अधिक दाढा, म्हणजे हात बसलेला आहे. अक्कलदाढ सरळ असेल तर काढेल, हाडात आडवी अडकलेली असेल तर सर्जनना बोलवेल, हेही त्या सहाच्या आकड्यातच आहे.

‘एकटीने’ आणि ‘मदत’ हे दोन शब्द वेगळे ठेवा असं मी इतकं का म्हणते, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका डॉक्टरला रेझ्युमेवरच्या आकड्यावरून घेतलं. दुसऱ्याच आठवड्यात खालच्या दुसऱ्या दाढेत, मागे वळलेल्या मुळात, त्याच्या हातून फाइल तुटली. तुटण्याबद्दल माझी तक्रार नाही, कुणाच्याही हातून तुटते. पण अशी वळणदार मुळं त्याने फक्त दुसऱ्याच्या हातून होताना पाहिली होती आणि कागदावर ती त्याच्या नावावर होती. ती दाढ मी एंडोडॉन्टिस्टसाठी ठेवली असती. त्या पेशंट बाईंना पुढे तीन वेळा यावं लागलं. आता मुलाखतीत मी आकडा विचारतच नाही. वरच्या पहिल्या दाढेत शेवटच्या वेळी किती कॅनाल शोधलेस, चौथा सापडला का, सापडला नाही तेव्हा काय केलंस, एवढंच विचारते. ज्याने स्वतः केलंय तो डॉक्टर लगेच एखादा पेशंट आठवून बोलायला लागतो.

मशिन्सचंही तसंच आहे. त्या मुलीच्या पहिल्या यादीत आरव्हीजी, एंडोमोटर, एपेक्स लोकेटर, मायक्रोस्कोप, इंट्राओरल स्कॅनर, फिजिओडिस्पेन्सर असं सगळं एका ओळीत होतं. विचारल्यावर कळलं, मायक्रोस्कोप दोन दिवसांच्या कोर्सला पाहिलेला आणि फिजिओडिस्पेन्सर मोठ्या डॉक्टरांच्या हातात. मग आम्ही तीन ओळी केल्या. रोज वापरलेलं: आरव्हीजी, एंडोमोटर, एपेक्स लोकेटर, रबर डॅम. अधूनमधून: स्कॅनर, एकेकट्या कॅपसाठी. फक्त कोर्समध्ये: मायक्रोस्कोप. फिजिओडिस्पेन्सर काढून टाकला. एपेक्स लोकेटरने लांबी घेतल्यावर एक्स-रेनेही खात्री करून घेते, हे तिने आपणहून लिहिलं. ते वाक्य मला फार आवडलं, कारण ओलसर कॅनालमध्ये किंवा जुन्या धातूच्या फिलिंगला फाइल टेकली की लोकेटर चुकीचं वाचन दाखवतो, हे अनुभवल्याशिवाय कुणी असं लिहीत नाही.

रजिस्ट्रेशनची ओळ मात्र नावाखालीच हवी, शेवटच्या पानावर नको. परिषदेचं पूर्ण नाव, क्रमांक, नूतनीकरण कुठवर आहे ती तारीख. बेळगावला शिकल्यामुळे हिची पहिली नोंद कर्नाटकातली होती आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे ती पुढे बदलून घेतलेली होती. तिने लिहिला होता जुनाच क्रमांक! आमच्यासारखी क्लिनिकं डॉक्टर घेण्याआधी हाच क्रमांक तपासतात आणि तो जुळला नाही की रेझ्युमे बाजूला पडतो. एमडीएस असाल तर ती पदवीही परिषदेत नोंदवली आहे का, ते लिहा. इम्प्लांटचा कोर्स केला असेल तर कोर्स म्हणूनच लिहा, नावापुढे ‘इम्प्लांटॉलॉजिस्ट’ नको.

आणखी एक. केसचे फोटो किंवा एक्स-रे जोडायचे तर दोन-तीनच, पेशंटची परवानगी घेऊन आणि नाव पुसून. आरव्हीजीच्या प्रतिमेच्या कोपऱ्यात नाव छापलेलं असतं, ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतं.

त्या मुलीला आम्ही घेतलं. पहिल्याच महिन्यात एक आजोबा खालच्या दुसऱ्या दाढेचा ठणका घेऊन आले. तिने आरव्हीजी काढली, मुळाचं वळण पाहिलं, भूल देऊन पल्प काढला, औषध ठेवून तात्पुरतं सिमेंट भरलं. ठणका थांबला. मग डायरी उघडून तिने आजोबांना मंगळवारची साडेअकराची वेळ दिली.