एकही हप्ता न चुकवता स्कोअर घसरला, त्याची गोष्ट

कर्ज विभागात माझ्यासमोर चिडून बसणारे लोक बहुतेक वेळा थकबाकीदार असतात. हे गृहस्थ तसे नव्हते. आयुष्यात एकही हप्ता उशिरा भरलेला नाही, कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरतात, आणि तरीही क्रेडिट स्कोअर घसरल्यामुळे गृहकर्जाच्या अर्जात त्यांना वरून दुसऱ्या पायरीचा व्याजदर लागला होता. साडेआठ टक्क्यांऐवजी नऊ. "मग वेळेवर पैसे भरून मी मिळवलं काय?" हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

मी त्यांचा क्रेडिट रिपोर्ट उघडून दोघांमध्ये ठेवला. परतफेडीचा रकाना खरोखरच स्वच्छ होता. पण कार्डाच्या ओळीत लिमिट दीड लाख आणि येणं बाकी १ लाख १७ हजार दिसत होतं, म्हणजे ७८ टक्के वापर.

"पण हे पैसे मी भरलेत!" ते म्हणाले. भरले होतेच. कंपनीच्या कामाचा प्रवासखर्च ते कार्डावर करत आणि मुदतीच्या आत सगळा चुकता करत. गोम तारखांमध्ये होती. त्यांचं बिल १८ तारखेला तयार होई आणि ते पैसे भरत पुढच्या महिन्याच्या ३ तारखेला. कार्ड देणाऱ्या बहुतेक संस्था क्रेडिट ब्युरोला, म्हणजे हा रिपोर्ट तयार करणाऱ्या कंपनीला, बिलाच्या दिवशीची बाकी कळवतात. त्यामुळे ३ तारखेला बाकी शून्य झाली तरी रिपोर्टमध्ये दर महिन्याला काठोकाठ भरलेलं कार्डच उमटत होतं.

मग हे आधी का जाणवलं नाही? खालच्या ओळीत उत्तर होतं. अडीच लाख लिमिटचं एक जुनं कार्ड त्यांनी नुकतंच बंद केलं होतं. "वापरत नव्हतो, म्हटलं कर्जाआधी पाटी कोरी करू." हेतू चांगला होता, परिणाम उलटा झाला. दोन्ही कार्डं मिळून चार लाखांच्या लिमिटवर तीच बाकी २९ टक्के दिसायची. खर्च वाढला नव्हता, भागाकारातला खालचा आकडा आटला होता.

फायको या स्कोअरच्या जाहीर मांडणीत परतफेडीच्या इतिहासाला ३५ टक्के वजन आहे आणि देण्याच्या रकमेला ३०. त्या दुसऱ्या भागात कार्डाचं लिमिट किती वापरलंय, हे फार मोलाचं. उरलेलं वजन खात्यांचं वय, नवी कर्जं आणि कर्जांचे प्रकार यांत वाटलेलं. पगाराला त्यात जागाच नाही, हे ऐकून ते थक्क झाले. पगार आम्ही वेगळा तपासतो. स्कोअर फक्त उधारीची वागणूक पाहतो.

मी त्यांना सांगितलं, अर्ज थांबवा. १८ तारखेच्या आधीच बहुतेक रक्कम भरून टाका, बिलावर लिमिटच्या दहाएक टक्के उरू द्या, आणि नवी नोंद रिपोर्टमध्ये आल्यावर या. लिमिट वाढवायला नवं कार्ड घेऊ का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणाले. नव्या अर्जाची चौकशी नोंदली जाते आणि खात्यांचं सरासरी वयही खाली येतं.

हा उपाय इतका झटपट चालतो कारण स्कोअरच्या बऱ्याच पद्धती ताज्या बाकीकडेच पाहतात. काही नव्या पद्धती मागच्या २४ महिन्यांचा कल तपासतात. तिथे एका बिलाने एवढा फरक पडत नाही. आणि हप्ताच चुकलेला असेल तर हा मार्ग उपयोगाचा नाही. तो डाग वर्षानुवर्षं रिपोर्टमध्ये राहतो, जुना होईल तसा फिका पडतो एवढंच.

पुढच्या नोंदीनंतर त्यांचा स्कोअर वरच्या पायरीत गेला. मी कागदावर हिशेब मांडून दिला: वीस वर्षांच्या मुदतीत लाखामागे हप्ता नऊ टक्क्यांनी सुमारे ९००, साडेआठने ८६८. दरमहा ३२ चा फरक क्षुल्लक वाटतो, पण २४० हप्त्यांत लाखामागे साडेसात हजारांहून जास्त होतो. त्यांना पन्नास लाख हवे होते, म्हणजे पावणेचार लाखांच्या वर.

त्यांच्या मनात गाडीही होती, आणि ती आधी घ्यावी असं घरच्यांचं म्हणणं. मी त्यांना क्रम बदलायला लावला. पाच वर्षांच्या गाडीच्या कर्जात त्याच अर्ध्या टक्क्याने लाखामागे जेमतेम साडेचौदाशे वाचतात, कारण मुद्दल लवकर फिटतं. उलट गाडीचं नवं खातं आधी उघडलं, तर त्याचा फटका घराच्या दराला बसू शकतो, शिवाय पगारातून तो हप्ता वजा धरून गृहकर्जाची पात्रताही घटते. त्यांनी घराची रक्कम हातात पडेपर्यंत गाडीचा अर्ज केला नाही.