गांधीजी तेव्हा कुठे होते?

नेरुळला संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची बॅच असते. राज्यसेवा पूर्वपरीक्षेला बसणारी मुलं, बरीचशी नोकरी सांभाळून येणारी. त्या शनिवारी सराव पेपरातल्या एका प्रश्नावर जवळजवळ सगळा वर्ग अडला. चार घटना कालक्रमानुसार लावायच्या होत्या: दुसरी गोलमेज परिषद, धरासणा सत्याग्रह, पुणे करार आणि गांधी-आयर्विन करार.

खारघरहून येणाऱ्या एका मुलाने वहीत कालरेषेची छापील पट्टी चिकटवली होती. वर ठळक अक्षरांत ‘तणावमुक्त कालरेषा’. पट्टी चांगली होती. 1885 ते 1905 मवाळांचा हिरवा चौकोन, 1905 ते 1920 जहालांचा केशरी, पुढे गांधीयुगाचा पांढरा. मोठे टप्पे डोळ्यांपुढे उभे राहायला अशी पट्टी हवीच. तिची मर्यादा त्या प्रश्नातच दिसत होती. चारही घटना एकाच पांढऱ्या चौकोनात, ‘सविनय कायदेभंग 1930-34’ या ओळीखाली बसत होत्या. टप्पा ओळखून उत्तर मिळत नव्हतं, कारण प्रश्नच टप्प्याच्या आतला होता.

त्या मुलाने गोलमेज परिषद आधी आणि गांधी-आयर्विन करार नंतर लावला होता. का, असं विचारलं तर म्हणाला, “मॅडम, आधी परिषद होणार, मग करार होणार ना?” तर्क सरळ आहे आणि म्हणूनच ही चूक दर वर्षी वेगवेगळ्या मुलांकडून होते. करार परिषदेत झाला असं गृहीत धरलं जातं. प्रत्यक्षात तो काँग्रेसने परिषदेला जावं यासाठी झाला.

मी फळ्यावर तारखा लिहिल्या नाहीत. वहीचं कोरं पान उघडायला सांगितलं आणि एकच प्रश्न दिला: प्रत्येक घटनेच्या वेळी गांधीजी कुठे होते? तुरुंगात, बाहेर की लंडनला?

6 एप्रिल 1930 ला दांडीला मिठाचा कायदा मोडला, तेव्हा ते बाहेर. मग धरासणाच्या मिठागारावर जायचं त्यांनी जाहीर केलं आणि 4 मेच्या मध्यरात्रीनंतर त्यांना अटक झाली. त्यामुळे 21 मेला धरासणाला सत्याग्रहींच्या पुढे सरोजिनी नायडू दिसतात. नेतृत्व बदललेलं दिसलं की गांधीजी आत गेलेत, हे मुलांच्या आपसूक लक्षात येतं. नोव्हेंबर 1930 ला लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद भरली. काँग्रेस तिथे नव्हती, तिचे बहुतेक नेते तुरुंगात होते. देशातला सर्वांत मोठा पक्ष गैरहजर असताना ठरलेल्या गोष्टींना वजन येत नव्हतं. म्हणून जानेवारी 1931 च्या अखेरीस गांधीजींना सोडलं, आयर्विनशी बोलणी झाली आणि 5 मार्चला करार. चळवळ स्थगित, काँग्रेस पुढच्या परिषदेला येणार. मग सप्टेंबर 1931, गांधीजी लंडनला. हाती फारसं काही न लागता ते डिसेंबरच्या अखेरीस मुंबईला उतरले आणि 4 जानेवारी 1932 ला पुन्हा अटक. आता ते येरवड्यात. तिथे असतानाच ऑगस्टमध्ये जातीय निवाडा जाहीर झाला, सप्टेंबरमध्ये उपोषण आणि 24 तारखेला पुणे करार. करार पुण्याचाच का, हा प्रश्नही तिथेच मिटतो, कारण गांधीजी येरवडा तुरुंगात होते आणि डॉ. आंबेडकरांना बोलणीसाठी तिथे यावं लागलं.

बाहेर, आत, बाहेर, लंडन, आत. धरासणा, करार, परिषद, पुणे करार. मुलांनी उत्तरं परत लावली, आणि यावेळी प्रत्येकाला आपलं उत्तर का बरोबर आहे हे सांगता येत होतं. पाठ केलेलं साल परीक्षेच्या ताणात एकाने पुढेमागे सरकतं. तुरुंगात असलेला माणूस लंडनला असू शकत नाही, हे मात्र कुणी विसरत नाही.

मागच्या बाकावर उरणकडची एक मुलगी बसते. तिने हात वर केला. “मॅडम, मग आमचं चिरनेर? 25 सप्टेंबर 1930. गांधीजी आत होते, तरी आमच्याकडे सत्याग्रह कसा झाला? आणि मिठाचा का नाही, जंगलाचा का?”

हा प्रश्न पुस्तकातल्या ओळीपेक्षा मोठा होता. तिच्या दोन्ही शंकांचं उत्तर तिच्याच गावाकडे होतं. पावसाळ्यात मिठागरांचं काय होतं, असं मी तिला विचारलं. “बंद असतात, पाणी भरलेलं असतं,” ती म्हणाली. बस, तेच. जूनपासून मीठ बनवता येत नव्हतं, पण कायदेभंग तर चालू ठेवायचा होता. मग महाराष्ट्रात जंगल कायदा पुढे आला. ज्या रानातला चारा नि सरपण लोक पिढ्यान्‌पिढ्या आणत होते, त्यावर सरकारची बंधनं होती. जुलैत बापूजी अणे यांनी पुसदला गवत कापून जंगल सत्याग्रह केला. सप्टेंबरपर्यंत ते लोण चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरापर्यंत पोचलं आणि तिथे पोलिसांनी गोळीबार केला. हुतात्म्यांमध्ये नाग्या कातकरीचं नाव आहे, ते त्या मुलीने स्वतःच सांगितलं. म्हणजे मीठ आधी आणि जंगल नंतर, हा क्रम पावसाने लावला आहे. तो चुकूच शकत नाही.

गांधीजी आत असतानाही चळवळ चालली, हाच 1922 आणि 1930 मधला फरक. फेब्रुवारी 1922 ला चौरीचौरानंतर गांधीजींनी स्वतः असहकार थांबवला आणि अटक मार्चमध्ये, म्हणजे चळवळ थांबल्यावर झाली. 1930 ला आधी अटक झाली आणि चळवळ त्यानंतर आणखी पसरली. ‘चौरीचौरा, अटक, तहकुबी’ असा पर्याय दिला की बरीच मुलं फसतात, कारण अटकेमुळे चळवळ थांबली असं त्यांना वाटतं.

खारघरच्या मुलाने मग रास्त शंका काढली. 1915 च्या आधी गांधीजी भारतात नव्हते, तेव्हा काय करायचं? तेव्हा टिळकांना विचारायचं. जुलै 1908 ला त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, जून 1914 ला ते मंडालेहून परतले. सुरतेची फूट 1907 ची, तेव्हा टिळक सभामंडपात होते, म्हणून ती आधी. 1909 चा मोर्ले-मिंटो कायदा आणि 1911 ला रद्द झालेली बंगालची फाळणी, दोन्ही टिळक मंडालेत असताना. होमरूल लीग आणि लखनौ करार 1916 चे, ते आल्यावर.

क्रांतिकारकांना मात्र ही युक्ती लागू पडत नाही, आणि हे मी ठासून सांगितलं. त्यांची रेषा वेगळी काढायची आणि जिथे ती काँग्रेसच्या रेषेला भिडते तेवढ्याच जागा नीट पाहायच्या. सर्वांत महत्त्वाची जागा मार्च 1931. 5 तारखेला गांधी-आयर्विन करार, 23 तारखेला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी, महिनाअखेरीस कराची अधिवेशन. कराचीला गांधीजींना काळी फुलं देऊन तरुणांनी निषेध केला, तो याच क्रमामुळे. करार होऊनही फाशी टळली नव्हती. मुलांनी ते तीन दिवस पानावर एकाखाली एक लिहून घेतले. मग उरणच्या मुलीने आपल्या रेषेवर धरासणा आणि गांधी-आयर्विन करार यांच्या मधे चिरनेर लिहिलं आणि शेजारी कंसात ‘गांधीजी आत’.