पायातच x असताना

अकरावीनंतरच्या सुट्टीत प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी सोडवलेल्या उदाहरणांपैकी एकाने मला दोन संध्याकाळी अडवून धरले होते:

log_x(5x/2 − 1) ≥ 2

पहिल्या दिवशी मी सवयीने लघुगणक काढून टाकला आणि 5x/2 − 1 ≥ x² असे लिहिले. सगळे एका बाजूला आणून अवयव पाडले, तेव्हा (x − 2)(x − 1/2) ≤ 0 मिळाले. पाया 1 असू शकत नाही एवढे आठवत असल्याने 1/2 ते 2 या अंतरालातून 1 वगळला आणि उत्तर लिहून मोकळा झालो. मागच्या पानावरील उत्तर मात्र वेगळे होते.

छपाईची चूक असावी, असे मला आधी वाटले, म्हणून माझ्या उत्तरातील x = 3/4 घेऊन पडताळा केला. कंसातील किंमत 0.875 आली आणि 3/4 चा वर्ग 0.5625. पाया 1 पेक्षा लहान असला की घातांक वाढताना किंमत घटते, त्यामुळे 0.5625 पेक्षा मोठी असलेली 0.875 ही संख्या मिळवायला घातांक 2 पेक्षा लहानच हवा. म्हणजे ही किंमत असमतेत बसतच नव्हती आणि पुस्तक बरोबर होते.

दुसऱ्या संध्याकाळी मी पायाचे दोन भाग केले. x > 1 असताना चिन्ह तसेच राहते, म्हणून कालचेच 1/2 ≤ x ≤ 2 येते आणि त्यातून 1 < x ≤ 2 एवढाच भाग उरतो. इथे कंस धन आहे की नाही हे वेगळे पाहावे लागत नाही, कारण तो x² पेक्षा लहान नाही आणि x² धनच आहे.

0 < x < 1 असताना चिन्ह उलटते: 5x/2 − 1 ≤ x², म्हणजे x ≤ 1/2 किंवा x ≥ 2. दुसरा पर्याय या भागात येतच नाही. मी घाईने 0 < x ≤ 1/2 लिहिले आणि पुन्हा फसलो, कारण आता कंस x² पेक्षा मोठा नसल्याने तो शून्य किंवा ऋणही असू शकतो. x = 0.3 घेतल्यावर तो −0.25 येतो, ज्याचा लघुगणकच नाही. 5x/2 − 1 > 0 ही अट घातल्यावर x > 2/5 मिळाले, आणि या भागाचे उत्तर 2/5 < x ≤ 1/2 एवढेच उरले. ही अट एका भागात फुकट मिळते आणि दुसऱ्यात मागून घ्यावी लागते, हे मला चिन्ह उलटण्यापेक्षाही फसवे वाटते.

दोन्ही भागांची उत्तरे एकत्र केली: 2/5 < x ≤ 1/2 किंवा 1 < x ≤ 2. खात्रीसाठी पहिल्या तुकड्यातील x = 0.45 घेतला. कंस 0.125 आणि वर्ग 0.2025, म्हणजे कंस लहान, आणि पाया 1 पेक्षा लहान असल्याने घातांक 2 पेक्षा मोठा. नेमका हाच तुकडा माझ्या पहिल्या उत्तरात जवळजवळ पूर्ण गळाला होता. त्यातला एकटा 1/2 तेवढा योगायोगाने सापडला होता.